डिदर व क्वांटायझेशन नॉइज

डिदर : ध्वनिमुद्रणाची बिट-खोली, म्हणजे प्रत्येक नमुना मोजण्यासाठीची बिटसंख्या, कमी करताना नमुने जवळच्या पायरीवर आणण्याआधी त्यांत मुद्दाम मिसळलेला अतिसूक्ष्म यादृच्छिक नॉइज. २४ बिटांवरून १६ बिटांवर येताना जुन्या २५६ पायऱ्यांची मिळून एक नवी पायरी होते. नमुना पायरीवर बसवताना राहणारी चूक म्हणजे क्वांटायझेशन नॉइज. मोठ्या आवाजात ही चूक खरोखरच नॉइजसारखी विखुरते. बारीक आवाजात मात्र ती लहरीच्या मागोमाग चालते आणि विकृती म्हणून ऐकू येते.

कल्पनेचा उगम दुसऱ्या महायुद्धातील विमानांवरच्या यांत्रिक गणकांच्या थरथरीत असल्याचे सांगण्याचा प्रघात आहे. मात्र लॉरेन्स रॉबर्ट्स यांचे चित्रसंकेतनावरील काम (१९६२) आणि शुचमन यांचा निबंध (१९६४) यांपासून सुरुवात धरणे अधिक सयुक्तिक. ध्वनीच्या क्षेत्रात व्हँडरकूय व लिपशिट्झ यांचे १९८४ पासूनचे निबंध पायाभूत मानले जातात.

मिरजेच्या तानपुऱ्याचे २४ बिटांतले मुद्रण घेऊ. शिखर −२० डीबी असलेला नाद फेड करून ८ सेकंदांत १०० डीबी खाली नेला आणि मग मुद्रण १६ बिटांवर आणले, तर सहाव्या सेकंदाच्या सुमारास लहर नव्या अर्ध्या पायरीच्या आत येते. डिदर नसेल तर तिथून पुढचे सगळे नमुने शून्य होतात आणि नाद कापल्यासारखा थांबतो. त्याच्या जरा आधी लहरीचे चौकोनी ठोकळे होतात. त्यातून उठणारी झणझण नवख्या कानाला जवारीच वाटू शकते.

प्रचलित डिदर त्रिकोणी वाटपाचा असतो : एकेक पायरी रुंदीच्या दोन स्वतंत्र यादृच्छिक संख्यांची बेरीज. मूळ मूल्य ०·४ पायरी असेल, तर दर १,००० नमुन्यांत सरासरी ४०५ वेळा १, ५ वेळा −१ आणि उरलेल्या ५९० वेळा ० येतो. सरासरी पुन्हा नेमकी ०·४. चूक नाहीशी होत नाही, पण तिचा लहरीशी जाणवणारा संबंध तुटतो आणि तिची ताकद मूल्य कोणतेही असले तरी पाव पायरी-वर्ग इतकीच राहते. किंमत म्हणजे नॉइज सुमारे ४·८ डीबीने वाढतो. एकाच संख्येचा आयताकृती डिदर ३ डीबीतच भागवतो आणि सरासरीही राखतो, पण त्याचा नॉइज लहरीबरोबर कमीजास्त होतो. म्हणून तो मागे पडला.

फेड, पातळी, सॅम्पल रेट हे सगळे आटोपल्यावर, सर्वांत शेवटी डिदर द्यावा. सॉक्स या आज्ञांवर चालणाऱ्या ध्वनिप्रणालीत तुलनेसाठी दोन प्रती अशा काढता येतात :

```
sox t24.wav -b 16 dither.wav fade l 0 -0 8 dither
sox -D t24.wav -b 16 bina.wav fade l 0 -0 8
```

दुसरीतला `-D` आवश्यक आहे. तो नसेल तर सॉक्स आपणहून डिदर घालते. दोन्हींचे शेवटचे ३ सेकंद ४० डीबी वाढवून ऐकले की फरक कळतो : एकीत सळसळीखाली नाद विरत जातो, दुसरीत झणझण होऊन एकदम शांतता पसरते. १६ बिटांची प्रत नंतर नुसती पातळी थोडी कमी करून जतन केली, तरी नव्याने पायऱ्या पडतात आणि डिदर पुन्हा द्यावा लागतो.

खोलीचा व माइकचा नॉइज एका पायरीहून मोठा असेल तर तोच डिदरचे काम करतो, आणि तेव्हा फरक ऐकू येणे कठीण. फेडमध्ये मात्र तोही नादाबरोबर खाली जातो.