सव्वा कोटीचा आराखडा, पावणेएकोणीस लाखांचं अंदाजपत्रक

दरवर्षी तोच मेसेज गावाच्या ग्रुपवर येतो. कुणीतरी ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवरून ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याचा फोटो काढतो, खालच्या बेरजेभोवती लाल गोल करतो आणि विचारतो, ‘सव्वा कोटी आले, गेले कुठे?’ सरपंचाला उत्तर देता येत नाही, कारण बऱ्याचदा त्यालाही आराखडा आणि अंदाजपत्रक यांतला फरक कुणी सांगितलेला नसतो. त्याहून वाईट म्हणजे काही ठिकाणी संगणक ऑपरेटरने आराखड्याची बेरीज उचलून थेट नमुना 1 मध्ये, म्हणजे अंदाजपत्रकातच टाकलेली असते. मग मेसेज पाठवणाऱ्याला दोष तरी कसा द्यायचा?

अंदाजपत्रकावर फार बोलत नाही. वर्षाची जमा आणि वर्षाचा खर्च एवढंच ते असतं, आणि घर चालवणाऱ्या कुणालाही ते कळतं. ग्रामपंचायतीत ते नमुना 1 मध्ये असतं. मध्येच एका शीर्षावरचे पैसे दुसरीकडे वळवायचे झाले, तर नमुना 2 मध्ये पुनर्विनियोजन होतं. आराखडा म्हणजे ‘आमचं गाव, आमचा विकास’ मधला वार्षिक आराखडा. तो ग्रामसभेतून येतो आणि पोर्टलवर चढतो. कोण सही करतं, कुठल्या महिन्यात होतं, नमुने कसे वेगळे, हे फरक पाठ केले नाहीत तरी काही बिघडत नाही.

बिघडतं ते एकाच ठिकाणी. आराखड्यात कामाची किंमत लिहिलेली असते, पैसे कुणाच्याही खिशातून जावोत. अंदाजपत्रकात फक्त ग्रामपंचायतीच्या खात्यात उतरणारा आणि तिथूनच बाहेर जाणारा पैसा येतो. म्हणून प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: या कामाचं बिल ग्रामपंचायतीच्या खात्यातून निघणार आहे का?

एक गाव घेऊ. आकडे हिशेबाला सोपे जावेत असे धरले आहेत, पण ठेवण बहुतेक गावांची अशीच असते. 2025-26 च्या आराखड्यात जलजीवनची टाकी आणि पाइपलाइन 82 लाखांची आहे. रोजगार हमीतून पाणंद रस्ता 18 लाखांचा आहे. आमदारांनी सुचवलेला, सगळे ज्याला ‘पंचवीस-पंधरा’ म्हणतात त्या लेखाशीर्षातला काँक्रीट रस्ता 10 लाखांचा आहे. हे झाले 1 कोटी 10 लाख, आणि यातला एक रुपयाही ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात येत नाही. टाकीचं बिल जिल्हा परिषदेचा पाणीपुरवठा विभाग देतो. पाणंदीवरची मजुरी थेट मजुराच्या खात्यात जाते, काम ग्रामपंचायतीच्या नावावर असलं तरीही. काँक्रीट रस्ता इथे बांधकाम विभाग करतोय. उद्या त्याच रस्त्याची यंत्रणा म्हणून ग्रामपंचायतीला नेमलं, तर ते 10 लाख तिच्या खात्यात येतील आणि तेव्हा अंदाजपत्रकातही लिहावे लागतील. म्हणून योजनेचं नाव पाहून ठरवू नका. मंजुरीच्या आदेशात ‘कार्यान्वयीन यंत्रणा’ कोण लिहिली आहे ते वाचा.

आता अंदाजपत्रकाकडे येऊ. इथली सर्वांत मोठी चूक मागणीला उत्पन्न समजण्याची. मागणी म्हणजे लोकांकडून येणं असलेला कर. तो नमुना 9 मध्ये लिहिलेला असतो. तिथे या गावाची घरपट्टीची चालू मागणी 4,80,000 आणि मागील थकबाकी 3,20,000 आहे, म्हणजे एकूण 8 लाख. आराखडा करणारे उत्साहाने ‘स्वनिधी 8 लाख’ लिहितात आणि त्यावर व्यायामशाळा, स्वागत कमान, सगळं बसवतात. गावाच्या कमानीला माझा कायमचा विरोध आहे, पण तो वेगळा विषय.

गेल्या तीन वर्षांची वसुली काढून बघा. इथे चालू मागणीतले शंभरातले सत्तर येतात आणि थकबाकीतले पंचवीस. म्हणजे 3,36,000 अधिक 80,000, असे 4,16,000. गाळाभाडं, बाजार फी वगैरे मिळून 64,000 धरले की स्वउत्पन्न 4,80,000 होतं. पाणीपट्टी यात मिसळू नका, तिचा हिशेब वेगळा.

या 4,80,000 वर आधी तीन हक्काचे हात येतात: मागासवर्गीयांसाठी 15 टक्के, महिला व बालकल्याणासाठी 10 आणि दिव्यांगांसाठी 5. अनुक्रमे 72,000, 48,000 आणि 24,000, एकूण 1,44,000. हा खर्च ‘उरलं तर’ करायचा नसतो. वर्षअखेरीला घाईघाईत शिलाई मशीन वाटून तो ‘दाखवणं’ हा प्रकार मला अजिबात पटत नाही. आराखड्यातच नावानिशी कामं धरली तर ती वेळ येत नाही. त्यानंतर शिपाई, दिवाबत्तीचं बिल, स्टेशनरी, ऑपरेटर असा नित्याचा खर्च 2,46,000. हातात उरतात 90,000. ज्या ओळीत 8 लाख लिहिले होते, तिथे विकासकामासाठी खरे 90,000 आहेत.

वित्त आयोगाचा भाग त्यामानाने सरळ आहे. 2025-26 मध्ये 15 व्या वित्त आयोगातून समजा 10 लाख येणार. त्यातले 6 लाख बंधित: 3 लाख पाण्यासाठी, 3 लाख स्वच्छतेसाठी. उरलेले 4 लाख अबंधित. अबंधित म्हणजे कसेही खर्चायचे असा अर्थ काढणारे भेटतात. पगार आणि कार्यालयीन खर्च त्यातून चालत नाही, आणि काम आराखड्यात नसेल तर बिल पोर्टलवरून निघत नाही. बंधितातून पेव्हर ब्लॉकचा रस्ता बसवण्यासाठी कामाचं नाव ‘गटार व अनुषंगिक कामे’ ठेवायची कलाही प्रचलित आहे. मोजमाप पुस्तिकेत गटार तीस मीटर आणि पेव्हर ब्लॉक दोनशे चौरस मीटर दिसले की लेखापरीक्षकाला फार हुशार असावं लागत नाही.

मागच्या वर्षाची शिल्लक धरतानाही गोंधळ होतो. या गावात बंधित खात्यात 1,80,000 शिल्लक आहेत, पण त्यातले 1,10,000 गेल्या वर्षी अर्ध्यावर राहिलेल्या शोषखड्ड्यांच्या कामाचे देणं आहे. नव्या कामाला मोकळे फक्त 70,000. अंदाजपत्रकात शिल्लक पूर्ण 1,80,000 आणि खर्चाच्या बाजूला ते देणंही लिहायचं. आराखड्यात मात्र शोषखड्ड्यांचं काम अपूर्ण काम म्हणून पुढे ओढायचं, नवं काम म्हणून पुन्हा किंमत लावायची नाही. ही दुहेरी मोजणी नेमकी तिथे होते जिथे मागच्या वर्षीचा आराखडा उघडून कुणी पाहतच नाही.

मग बेरीज. नव्या कामांसाठी बंधित 6,70,000, अबंधित 4,00,000 आणि स्वनिधी 90,000, म्हणजे 11,60,000. हक्काचे 1,44,000 मिळवले की 13,04,000. ही एवढीच कामं दोन्ही कागदांत सापडली पाहिजेत. आराखडा यात 1 कोटी 10 लाख मिळवून 1,23,04,000 होतो. अंदाजपत्रक वेगळ्या वाटेने जातं: स्वउत्पन्न 4,80,000, पाणीपट्टी 2,16,000, वित्त आयोग 10,00,000 आणि शिल्लक 1,80,000, एकूण जमा 18,76,000. दोन आकड्यांत एवढी दरी दिसली म्हणून कुणी पैसे खाल्ले असा अर्थ होत नाही. उलट दोन्ही आकडे सारखे दिसले, तर मी आधी ऑपरेटरला बोलावून विचारेन.

कामाची किंमत काढण्याबद्दल एवढंच सांगतो की आराखड्यातला आकडा गोल असला की मला शंका येते. ‘गटार 2 लाख, शाळा दुरुस्ती 1 लाख’ हे अंदाज नसून इच्छा असतात. शाखा अभियंत्याकडून दरसूचीप्रमाणे किंमत घ्या आणि विचारा, ‘साहेब, यात जीएसटी धरलाय का?’ इथल्या 80 मीटर गटाराला मीटरमागे 3,000 धरून 2,40,000 आले. स्वच्छतेच्या 3 लाखांतले उरलेले 60,000 कचरा वाहून नेणाऱ्या हातगाड्यांना लावून सगळे खूश झाले. प्रत्यक्ष अंदाजपत्रक आलं त्यात 18 टक्के जीएसटीचे 43,200 वाढले, गटार 2,83,200 वर गेलं आणि हातगाड्यांसाठी राहिले 16,800. ग्रामसभेने मंजूर केलेलं काम असं गुपचूप मरतं. (हो, एका कामाच्या किमतीच्या कागदालाही ‘अंदाजपत्रक’च म्हणतात. या गोंधळात त्या शब्दाचा वाटा मोठा आहे, म्हणून बोलताना मी कामाचं ते ‘इस्टिमेट’ आणि गावाचं ते ‘बजेट’ म्हणतो. मराठीप्रेमींनी क्षमा करावी.)

आता उलटी चूक, जी कमी दिसते पण जास्त महागात पडते. जलजीवनच्या टाकीचे 82 लाख अंदाजपत्रकात नाहीत, म्हणून ती टाकीच अंदाजपत्रकातून सुटते. टाकी बांधून झाली की ती ग्रामपंचायतीच्या ताब्यात येणार आणि तिच्या पंपाचं वीजबिल ग्रामपंचायतीलाच भरावं लागणार. पाणीपट्टीचे ते 2,16,000 कसे आले पाहा: 300 नळ, वर्षाला 1,200 रुपये, वसुली साठ टक्के. जुन्या पंपाचं बिल, टीसीएल पावडर आणि पाणी सोडणाऱ्याचा पगार यांतच ते संपतात. नव्या पंपाने बिल महिन्याला 9,000 वाढलं, तर वर्षाला 1,08,000. तीनशे नळांवर वाटले तर नळामागे वर्षाला 360, म्हणजे महिन्याला 30 रुपये, तेही सगळ्यांनी भरले तर. आजच्या साठ टक्के वसुलीने तेवढेच पैसे उभे करायचे तर महिन्याला 50 रुपये वाढवावे लागतील.

म्हणून आराखड्याच्या छापील प्रतीवर मी पेन्सिलीने दोन रकाने वाढवतो. पहिल्यात ‘बिल कोण देणार’, दुसऱ्यात ‘झाल्यावर कोण सांभाळणार’. पहिल्यात ग्रामपंचायत असेल ती ओळ यंदाच्या अंदाजपत्रकात शोधायची, दुसऱ्यात असेल ती पुढच्या वर्षीच्या. आणि पाणीपट्टी वाढीचा ठराव टाकीच्या उद्घाटनाआधीच्या ग्रामसभेत घ्यायचा. नळाला पाणी आल्यावर त्या ठरावाला हात वर करणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.