प्रश्नावली पाठवण्याआधी: एका प्रश्नात एकच गोष्ट

कर्मचारी सर्वेक्षणाचा मसुदा आम्ही दुरुस्त करून परत पाठवला की ग्राहकांचा फोन येतो, “प्रश्न तर सोपे होते, मग एवढी काटछाट कशाला?” म्हणून हे उत्तर लिहूनच ठेवलं आहे.

सर्वांत जास्त वेळ खातात ते जोडप्रश्न, म्हणजे एकाच प्रश्नात दोन गोष्टी विचारणारे. उदाहरणार्थ, “माझे वरिष्ठ मला स्पष्ट आणि वेळेवर सूचना देतात: सहमत की असहमत?” एखाद्याला सूचना अगदी स्पष्ट मिळतात, पण काम निम्मं झाल्यावर. त्याने कुठे खूण करायची? एक जण ‘सहमत’ म्हणतो, दुसरा ‘असहमत’, तिसरा मधला पर्याय निवडून मोकळा होतो. सरासरी मध्येच कुठेतरी येते आणि नेमकं काय सुधारायचं, ते कोणालाच सांगता येत नाही. सर्वेक्षण संपल्यावर ही उत्तरं वेगळी करण्याचा मार्ग आमच्याकडेही नाही. पुन्हा विचारावं लागतं, आणि दुसऱ्यांदा लोक कंटाळून भरतात.

तोच प्रश्न आम्ही असा फोडतो: “गेल्या तीन महिन्यांत काम सुरू होण्याआधी सूचना किती वेळा मिळाल्या?” आणि “मिळालेल्या सूचना किती स्पष्ट होत्या?” पहिल्याला ‘नेहमी’पासून ‘कधीच नाही’पर्यंत पर्याय, दुसऱ्याला स्पष्टतेचे. सहमत-असहमत आम्ही शक्यतो टाळतो, कारण विधान समोर ठेवलं की हो म्हणण्याकडेच कल असतो; त्यात विषय साहेबांचा असेल तर बघायलाच नको.

“असे प्रश्न वाढतच जातील” ही तक्रार रास्त आहे. म्हणून फोडण्याआधी आम्ही विचारतो, यातल्या कोणत्या अर्ध्या भागावर तुम्ही खरोखर काही करणार आहात? उरलेला भाग सरळ गाळतो.

उत्तर सुचवणारे प्रश्न ओळखणं त्या मानाने सोपं. “नव्या शिफ्टमुळे तुमची किती सोय झाली?” यात सोय झाली हे आधीच ठरलं आहे. त्याऐवजी “नव्या शिफ्टमुळे सोय झाली की गैरसोय, की काही फरक पडला नाही?” असं विचारून ‘बरीच सोय’ ते ‘बरीच गैरसोय’ असे दोन्ही बाजूंना सारखे पर्याय द्या, मधे ‘काही फरक नाही’.

गेल्या वर्षीचाच प्रश्न हवा असेल तर मात्र आधी सांगा. शब्द बदलले की दोन वर्षांचे आकडे शेजारी मांडता येत नाहीत. कर्मचारी पुरेसे असतील तर चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना जुना आणि निम्म्यांना नवा प्रश्न देऊन आम्ही फरक मोजून देतो.

मसुदा कच्चा असतानाच पाठवा, साहेबांची सही होण्याआधी. ही तपासणी आमच्या ठरलेल्या शुल्कातच येते. प्रश्नावली वाटून झाल्यावर फेरसर्वेक्षण करायचं, तर त्याचं बिल वेगळं.