इंजिन ऑइलवरचा डब्ल्यू अंक

इंजिन ऑइलच्या डब्यावर १५डब्ल्यू-४० असे छापलेले असते. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्याआधीचा अंक ऑइल गारठ्यात किती वाहते राहते, हे सांगतो. तो ना तापमान असतो, ना दाटपणाचे माप. अमेरिकेतील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने जे३०० या मानकात ठरवलेला तो दर्जा आहे. ०, ५, १०, १५, २० आणि २५ असे त्याचे सहा टप्पे आहेत. अंक जितका लहान, तितक्या कडक थंडीत ते ऑइल चालते.

दर्जा ठरवताना दोन गोष्टी तपासतात. पहिली, स्टार्टरला इंजिन फिरवता येते का. त्यासाठी १५डब्ल्यू ऑइलचा दाटपणा उणे २० अंश सेल्सिअसला ७००० सेंटिपॉइजपेक्षा जास्त असून चालत नाही. ५डब्ल्यूला ६६०० ची मर्यादा उणे ३० अंशांना पाळावी लागते. दुसरी, पंपाला ऑइल ओढता येते का. ही चाचणी आणखी ५ अंश खाली घेतात आणि तिथे मर्यादा ६०,००० सेंटिपॉइज असते. हे जास्तीचे ५ अंश मुद्दाम ठेवलेले आहेत. इंजिन सुरूच झाले नाही तर फार काही बिघडत नाही. ते सुरू झाले आणि ऑइल मात्र वर चढले नाही, तर बेअरिंग घासली जातात.

१९८०-८१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील सू फॉल्स शहरात नेमके हेच घडले. ऑइल सावकाश थंड होत गेले, त्यातल्या मेणाच्या स्फटिकांची जाळी बनली आणि ऑइल जेलीसारखे थिजले. पंपाने तोंडाशी असलेले ऑइल ओढून घेतले, पण बाजूचे ऑइल त्या खळग्यात ओघळले नाही, त्यामुळे पंप हवाच ओढू लागला. इंजिने निकामी झाली. म्हणूनच आता पंपाच्या चाचणीत ऑइल दोन दिवसांच्या आसपास सावकाश थंड करतात. चालकाला याची खूण एकच दिसते: इंजिन सुरू झाले तरी ऑइल प्रेशरचा दिवा विझत नाही. अशा वेळी इंजिन लगेच बंद करावे.

द्रासमध्ये पहाटे पारा उणे २० पर्यंत उतरला, तर १५डब्ल्यू ऑइल स्टार्टरच्या मर्यादेपाशी आलेले असू शकते. या थंडीत दर ५ अंशांमागे दाटपणा साधारण दुप्पट होतो, त्यामुळे तिथे ५डब्ल्यूचा दाटपणा त्याच्या साधारण पाव भागाइतकाच भरतो. मात्र डब्ल्यूनंतरचा शेवटचा अंक १०० अंशांच्या आसपास तापलेल्या ऑइलचा दर्जा सांगतो, त्यामुळे ५डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० इंजिन तापल्यावर जवळपास सारखेच. ‘५डब्ल्यू पातळ, उन्हाळ्यात टिकणार नाही’ हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो.

महाराष्ट्रात गोठणबिंदूच्या खाली पारा क्वचितच जातो, तेव्हा इथे स्टार्टर अडण्याचा प्रश्न येत नाही. फरक वेगाचा असतो. निफाडच्या १० अंशांच्या सकाळी २०डब्ल्यू-५० हे ५डब्ल्यू-३० पेक्षा सुमारे चौपट दाट असते, तर १०० अंशांना हा फरक दुपटीपेक्षाही कमी उरतो. दाट ऑइल वरच्या भागांपर्यंत पोचायला जास्त वेळ घेते. तरीही कंपनीने पुस्तिकेत दाट ग्रेड सांगितली असेल, तर केवळ सकाळच्या थंडीसाठी शेवटचा अंक कमी करू नये. बदलायचाच असेल तर पहिला अंक बदलावा.