रांग एकच, प्रश्न तीन

"समाजशास्त्राच्या स्लाइडवर फंक्शनलिझम म्हणतो रांग चांगली, कॉन्फ्लिक्ट थिअरी म्हणते वाईट, मग बरोबर कोण?"

दोघंही चांगलं-वाईट ठरवत नाहीयेत, प्रत्येकाचा प्रश्नच वेगळा आहे. दवाखान्यातली रांग घ्या. फंक्शनलिझम विचारतो की रांगेमुळे काय घडतं: भांडणं टळतात, अनोळखी लोक एक नियम पाळतात. पण याच थिअरीतल्या रॉबर्ट मर्टनने 1949 मध्येच डिसफंक्शन, म्हणजे घातक परिणामही मोजायला सांगितलं होतं, जसं की जास्त आजारी माणूस मागे ताटकळतो, आणि स्लाइडवर नेमकं हेच गाळतात म्हणून तो गैरसमज होतो. कॉन्फ्लिक्टवाला बघतो की थांबावं कोणाला लागतं आणि ओळखीवर किंवा पैशावर थेट आत कोण जातं.

तिसरी थिअरी, सिंबॉलिक इंटरॅक्शनिझम, म्हणजे मात्र फक्त 'भावना' नाही हं. ती विचारते की रांगेचा अर्थ लोक आपसात कसा ठरवतात. कोणी मध्ये घुसला की बाकीचे आधी एकमेकांकडे बघतात, कोणीतरी खाकरतं, तो "फक्त रिपोर्ट दाखवायचाय" म्हणतो आणि लोकांनी ते मान्य केलं तर ती घुसखोरी राहतच नाही, म्हणजे नियम तिथल्या तिथे ठरतो.

त्यामुळे परीक्षेत प्रत्येक थिअरीपुढे आधी तिचा प्रश्न लिहा, उत्तर नंतर.