सगळीकडे सातच दाखवणारा पीएच मीटर

साखर कारखान्याच्या लॅबमध्ये रात्रपाळीला पीएच मीटर जर सलग चार तास ७.०, ७.१, ७.० असं दाखवत असेल तर केमिस्ट खूश असतो, कारण चुना आणि सल्फर देऊन झाल्यावर जो क्लिअर ज्यूस पुढे इव्हॅपोरेटरला जातो त्याचा पीएच सातच्या आसपासच हवा असतो. सातच्या बराच खाली गेला की साखरेचं इन्व्हर्जन होतं, म्हणजे साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होते आणि पोत्यात यायची ती मळीत जाते, आणि आठच्या वर गेला की रसातले ग्लुकोज-फ्रुक्टोज जळल्यासारखे होऊन रस काळपट-लालसर होतो. तर अशाच एका रात्री मीटर सात दाखवतोय म्हणून मी निवांत होतो आणि सॅम्पल आणणारे आमचे काका, ज्यांची नोकरी माझ्या वयापेक्षा जुनी, ते म्हणाले, "साहेब, रस लाल मारतोय. तुमचं मशीन काय म्हणतंय?"

मशीन म्हणत होतं ७.०. काकांनी काही न बोलता रसाच्या थेंबाला बीटीबीची पट्टी लावली. बीटीबी म्हणजे ब्रोमोथायमॉल ब्लू, आम्लात पिवळं, सातच्या आसपास हिरवं, आणि साडेसातच्या वर गेलं की निळं. पट्टी गडद निळी झाली. मग मी जे पाळी सुरू होताना करायला हवं होतं ते केलं, मीटरचा इलेक्ट्रोड चारच्या बफरमध्ये, म्हणजे ज्याचा पीएच आधीच ठरलेला चार असतो त्या द्रावणात, बुडवला. मीटरने दाखवलं ७.१. चारच्या बफरमध्ये सात! कपाटातला स्पेअर इलेक्ट्रोड लावल्यावर तोच रस ८.३ निघाला, म्हणजे चुना कितीतरी जास्त पडत होता आणि मीटर आपला सात सात करत बसला होता.

पाळीच्या सुरुवातीला मी मीटर कॅलिब्रेट केला नव्हता का? केला होता. पण फक्त सातच्या बफरने. आणि गंमत तिथेच आहे.

पीएच मीटरला पीएच कळत नाही, तो नुसता व्होल्टमीटर आहे. इलेक्ट्रोडच्या टोकाला जो पातळ काचेचा गोळा असतो, आपण त्याला बल्ब म्हणतो, त्याच्या आत सात पीएचचं द्रावण भरलेलं असतं आणि बाहेर आपलं सॅम्पल, या दोन बाजूंच्या हायड्रोजन आयनांमध्ये जितका फरक तितके मिलिव्होल्ट काचेवर तयार होतात. बाहेरही सात असेल तर फरक नाही, म्हणून साधारण शून्य मिलिव्होल्ट. बाहेर आम्ल असेल तर अधिक, अल्कली असेल तर उणे. २५ अंश सेल्सिअसला एका पीएचला ५९.१६ मिलिव्होल्ट हा हिशोब, तापमान वाढलं की तोही थोडा वाढतो, ३० अंशाला तो ६०.१५ होतो. बाकी सगळं मीटर गणित करून दाखवतो.

आता काचेच्या गोळ्याला केसाएवढा तडा गेला असं समजा. आतलं आणि बाहेरचं द्रावण त्या तड्यातून एकमेकांना भिडलं, काचेवर फरक उरलाच नाही, म्हणजे कशातही बुडवा, शून्याच्या आसपासच मिलिव्होल्ट येणार. आणि शून्य मिलिव्होल्ट म्हणजे मीटरच्या भाषेत पीएच सात. अशा फुटक्या इलेक्ट्रोडला सातच्या बफरमध्ये कॅलिब्रेट केलं की तो आनंदाने पास होतो, कारण त्याला दुसरं काही येतच नाही. दुसऱ्या कुठल्या धंद्यात, समजा लोणच्याच्या ब्राइनमध्ये पीएच सात दिसला असता तर कुणालाही संशय आला असता, पण आमचं टार्गेटच सात, त्यामुळे फुटका इलेक्ट्रोड आम्हाला हवं तेच दाखवतो.

म्हणून दुसरा बफर. सातचा बफर मीटरला फक्त शून्य कुठे आहे ते सांगतो, त्याला ऑफसेट म्हणतात. चारचा किंवा ९.२ चा बफर सांगतो की एका पीएचला किती मिलिव्होल्ट सरकतात, तो स्लोप. बहुतेक मीटर शेवटी "कॅलिब्रेशन ओके" म्हणून गप्प बसतात आणि ती ओकेची मर्यादा बऱ्याच मॉडेलमध्ये भरपूर सैल असते, त्यामुळे माझं मत असं की त्या ओकेवर न जाता मीटर mV मोडला टाकून प्रत्येक बफरचे मिलिव्होल्ट वहीत लिहावेत. दोन मिनिटांचं काम आहे.

एका चांगल्या इलेक्ट्रोडचे आकडे बघा, २५ अंशाला घेतलेले. सातच्या बफरमध्ये +३, ४.०१ च्या बफरमध्ये +१७८. फरक १७५, भागिले २.९९ पीएच, म्हणजे एका पीएचला ५८.५. हे ५९.१६ च्या जवळपास ९९ टक्के. उत्तम. आता त्याच जागी हंगाम संपत आलेला दुसरा इलेक्ट्रोड: सातमध्ये +३४, चारमध्ये +१९१. फरक १५७, भागिले २.९९ म्हणजे ५२.५, जेमतेम ८९ टक्के. मीटर यालाही कधीकधी ओके म्हणतो. साधारणपणे स्लोप ९५ ते १०२ टक्क्यांच्या आत आणि सातच्या बफरमधला ऑफसेट अधिक-उणे ३० मिलिव्होल्टच्या आत असेल तोवर मी काळजी करत नाही, स्लोप नव्वद टक्क्यांच्या खाली गेला की इलेक्ट्रोड धुवायला घेतो. पण एकदा घेतलेल्या आकड्यापेक्षा तो कुठे चाललाय ते जास्त सांगतं. जो इलेक्ट्रोड महिनाभर एका पीएचला ५८ मिलिव्होल्टवर होता आणि आता आठवड्याला एक-एक करत ५४ वर आलाय तो आजारी आहे, मग मीटर काहीही म्हणो.

तिसरा बफर कधी? आमच्याकडे मिक्स ज्यूस सव्वापाचच्या आसपास असतो आणि चुना दिल्यावर काही टप्प्यांवर रस आठच्या वर जातो, म्हणजे सातच्या दोन्ही बाजूंना मोजायचंय, मग ४, ७ आणि ९.२ तिन्ही हवेत. फक्त पाचच्या आसपासचं मोजायचं असेल तर ४ आणि ७ पुरे, बफर सॅम्पलच्या दोन्ही बाजूंना आले म्हणजे झालं. पण तिसऱ्या बफरची एक खोड आहे. वर जो चांगला इलेक्ट्रोड सांगितला त्याने ९.२ च्या बफरमध्ये (नेमका आकडा ९.१८) मला -१११ दिले. सातपासून फरक ११४, भागिले २.१८ म्हणजे ५२.३, फक्त ८८ टक्के! एका बाजूला ९९ आणि दुसऱ्या बाजूला ८८, असं झालं की लोक लगेच इलेक्ट्रोडला शिव्या घालतात. मी आधी बफरच बदलला, नवीन बोरॅक्सची टॅबलेट शंभर एमएल डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवली, तर -१२४ आले, म्हणजे ५८.३, साडेअठ्ठ्याण्णव टक्के. जुना बफर चार दिवस झाकण न लावता ठेवलेला होता, अल्कली बफर हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि त्याचा पीएच हळूहळू खाली येतो. चारचा आणि सातचा त्या मानाने टिकतात. तरी बाटलीत बुडवू नका आणि वापरलेला परत बाटलीत ओतू नका, छोट्या बीकरमध्ये काढून घ्या आणि झाल्यावर फेका.

करायची पद्धत काही अवघड नाही. इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरने धुवायचा, टिश्यूने नुसता टिपून घ्यायचा, पुसायचा नाही कारण घासलं की काचेवर चार्ज बसतो आणि आकडा काही वेळ नाचतो. आधी सात, मग चार, मग ९.२, प्रत्येक वेळी आकडा थांबेपर्यंत थांबायचं. आणि हे थांबणं मोजायचं, खरंच घड्याळ लावून. चांगला इलेक्ट्रोड अर्ध्या मिनिटात स्थिर होतो, तोच दोन-तीन मिनिटं घ्यायला लागला तर स्लोप बरा असला तरी त्याचं काहीतरी बिनसलंय. ऑपरेटर तेवढं थांबत नाही, अर्धवट आकडा लिहितो, आणि मग प्रत्येक पाळीचं रीडिंग वेगळं येतं.

हळू होण्याची दोन वेगळी कारणं असतात आणि ती ओळखता येतात. स्लोप कमी आणि हळू, पण आकडा एकाच दिशेने शांतपणे सरकतोय, तर बहुतेक बल्बवर काहीतरी बसलंय, आमच्याकडे चुन्याचा पांढरा थर. ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात पंधरा मिनिटं, मग धुऊन ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये काही तास, आणि परत मिलिव्होल्ट. पण जर आकडा पुढे-मागे भटकत असेल आणि बीकर हलवला की वेगळा, थांबवला की वेगळा येत असेल, तर दोष बल्बचा नसून जंक्शनचा, म्हणजे बाजूच्या त्या बारीक सच्छिद्र ठिपक्याचा जिथून आतलं पोटॅशियम क्लोराइड हळूहळू झिरपतं. तो साखर किंवा गाळाने बुजला की सर्किटच तुटक होतं. आधी बघा की भरायच्या भोकाचं रबर काढलंय का आणि आतलं द्रावण सॅम्पलच्या पातळीपेक्षा वर आहे का, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. नाहीतर साठेक अंश गरम केलेल्या पोटॅशियम क्लोराइडमध्ये बुडवून तसाच थंड होऊ द्यायचा. त्यानेही नाही सुटलं तर नवा मागवायचा, माझ्या अनुभवात त्यावर अजून वेळ घालवण्यात अर्थ नसतो.

एक राहिलं. नवीन पोरं इलेक्ट्रोड बरोबर आहे का ते बघायला डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवतात आणि ५.८ दिसलं की घाबरतात. हवेशी संपर्कात आलेलं डिस्टिल्ड वॉटर सात नसतंच, त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून ते साडेपाच-सहाच्या आसपास असतं, आणि त्यात आयन इतके कमी की आकडा स्थिरही राहत नाही. शिवाय इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवूही नये, आतलं पोटॅशियम क्लोराइड पातळ होत जातं. टोपीत ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडचे चार थेंब, एवढंच त्याला लागतं.

त्या रात्रीचा इलेक्ट्रोड मी सकाळी उजेडात भिंगाखाली धरला. बल्बच्या मानेजवळ एक रेघ होती, बोटाला लागत नव्हती, फक्त तिरका धरल्यावर चमकायची. काका बघून म्हणाले, "हा कालचा नाही साहेब, परवा सिंकला आपटला होता." परवाचे मिलिव्होल्ट वहीत नव्हते, त्यामुळे दोन दिवसांतला किती रस आठच्या वर गेला ते आता कुणालाच सांगता येणार नाही.