शिफ्टिंगचे पैसे मागितले की ऑफर जाते?

“ऑफर लेटर आल्यावर सामान हलवायचा खर्च मागू नका, कंपनी ऑफर मागे घेते.”

सहसा तसं होत नाही. पगार दरवर्षी द्यावा लागतो, स्थलांतराचा खर्च एकदाच. त्यामुळे बऱ्याच कंपन्यांत तो वेगळ्या खात्यातून जातो. खात्री करायची तर ऑफर स्वीकारण्याआधी एचआरला ईमेलवर विचारा: “माझ्या ग्रेडला रिलोकेशन पॉलिसी काय आहे?” हा माहितीचा प्रश्न आहे, अट नव्हे. धोका असतो तो लेखी होकार दिल्यावर नव्या मागण्या काढण्यात.

समजा, नागपूरहून पुण्याला जायचंय आणि पॅकर्सचं कोटेशन ४५,००० रुपयांचं आहे. कंपनी ५०,००० पगारात जोडून देते म्हणाली, तर पुरेसे वाटतात. पण ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेससह ३१.२ टक्के कर कापला, तर हातात ३४,४०० उरतात. म्हणून कोटेशन जोडून, पॅकर्सचं बिल कंपनीने थेट भरावं असं सुचवा. रक्कम वाढत नसेल तर गेस्ट हाउसचे पंधराऐवजी तीस दिवस मागा. ते मिळणं अनेकदा सोपं जातं.

वर्षाच्या आत सोडल्यास वसुलीचं कलमही वाचा: पूर्ण रक्कम की उरलेल्या महिन्यांपुरती?