मॅच बघायला येणाऱ्या आईबाबांसाठी: टचलाइनवरून ओरडण्याबद्दल

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. अकरा वर्षांखालच्या मुलांची फुटबॉल मॅच. समोरच्या टीमला आपल्या गोलजवळ थ्रो-इन मिळाला आणि त्यांचा एक पोरगा आपल्या डिफेंडरच्या मागे एकटाच उभा होता. टचलाइनवरून एक बाबा ओरडले, "ऑफसाइड! ऑफसाइड!" आपला डिफेंडर हात वर करून रेफ्रीकडे बघत थांबला, तेवढ्यात त्या पोराने बॉल आत टाकला. थ्रो-इनवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड नसतोच. गोल किक आणि कॉर्नरलाही नसतो. नंतर बाबा रेफ्रीवर चिडले. पोरगा मला एवढंच म्हणाला, "सर, पप्पाच म्हणाले ना ऑफसाइड."

एरवीच्या खेळातही बाहेरून ऑफसाइड सांगणं अवघड असतं. पास देणाऱ्याचा पाय बॉलला लागतो त्या क्षणी पुढचा खेळाडू कुठे होता, हे पाहायचं असतं. आपली नजर बॉलमागे जाते आणि बॉल पोचेपर्यंत तो दोन-चार पावलं पुढे गेलेला असतो. त्यात तुम्ही तिरपे उभे असाल तर अंदाज हमखास चुकतो. लाइन्समन शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्या रेषेत पळत राहतो, तो याचसाठी.

म्हणून मॅचच्या दिवशी आपली पद्धत अशी: पालक बेंचच्या समोरच्या बाजूला, टचलाइनपासून चार पावलं मागे उभे राहतील. गोलच्या मागे कोणीही नाही. तिथून गोलकीपरच्या कानात सूचना जातात आणि तो बॉल सोडून मागे बघतो. टाळ्या वाजवा, "शाब्बास" म्हणा, समोरच्या टीमलाही म्हणा. "मार!", "पास दे!", "मागे ये!" हे मात्र कोचवर सोडा. प्रॅक्टिसमध्ये आम्ही पोरांना बॉल घेण्याआधी मान वर करून बघायला शिकवतो. तीन बाजूंनी तीन हुकूम आले की पोरगा मैदान बघायचं सोडून तुमच्याकडे बघतो.

रेफ्रीशी बोलायचं काम आमचं, तेही मॅच संपल्यावर. आपल्या मॅचना बरेचदा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा शिट्टी घेऊन उभा असतो. बाहेरच्या गोंधळामुळे मॅच थांबवायचा, बंदसुद्धा करायचा अधिकार नियमांनी त्याला दिला आहे. तसं झालं तर दोन्हीकडच्या पोरांची सकाळ वाया जाते.

कोणी विसरलं तर कोच एकदा जवळ येऊन सांगेल. पुन्हा झालं तर उरलेली मॅच गेटबाहेरून बघावी लागेल. पोराला मात्र आम्ही बाहेर बसवणार नाही, चूक त्याची नसते. मुलाला कमी खेळवलं, जागा बदलली, अशी तक्रार असेल तर मॅचच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन करा. मैदानावर त्याच्यासमोर नको. आणि घरी जाताना गाडीवर लगेच मॅचची उजळणी घेऊ नका; आधी तर्री-पोहे खाऊ द्या, मग तो स्वतःच बोलेल.